जन्मवार शून्य धरा : बाळाच्या लसींची यमके आणि त्यांतले हिशेब

विहारात लसीकरणाचे शिबिर ठरले की पहिल्यांदा मंडळातल्या कुणाला तरी घोषणा सुचते. ध्वनिक्षेपक आपल्याकडे असतोच. जयंतीच्या वर्गणीतून घेतलेला तो भोंगा वर्षभर कोपऱ्यात पडून राहण्यापेक्षा अशा कामी आला तर बरेच. शिवाय यमकात बोलणे आपल्याला परके नाही. भीमराव कर्डकांच्या जलशांनी चळवळीची गोष्ट ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांच्यापर्यंत नेली ती गाण्यातूनच. आपल्या आयाबहिणी आजही नामकरणाला पाळणा म्हणतात, तो कागद न पाहता. म्हणून बाळाची लस कधी, हे यमकात सांगावे ही कल्पना उत्तम आहे. मात्र यमक जुळले म्हणजे काम झाले असे होत नाही. आम्ही वस्त्यांतून भिंतीवर रंगवलेली, भोंग्यावरून ऐकवलेली पुष्कळ यमके पाहिली आहेत. त्यांतली बहुतेक ‘लस द्या’ एवढेच सांगतात. ‘कधी द्या’ हे सांगत नाहीत, आणि आईची खरी अडचण ‘कधी’ हीच असते.

सरकारी कार्यक्रमाची ‘पाच साल सात बार’ ही घोषणा घ्या. बाळ पाच वर्षांचे होईपर्यंत सात वेळा लसीसाठी न्यायचे, हे ती छान लक्षात ठेवून देते. पण त्या सातांपैकी पाच वेळा पहिल्याच वर्षात येतात, आणि त्याही सारख्या अंतराने येत नाहीत, हे त्या घोषणेत मावत नाही. ‘दो बूंद जिंदगी की’ ही पल्स पोलिओची घोषणा तर घराघरांत पोहोचली. तिचा एक विचित्र परिणाम असा झाला, की रविवारी बूथवर थेंब पाजले म्हणजे बाळाची लस झाली, असे समजणारी घरे आजही भेटतात. पल्स पोलिओचे थेंब हे वरचे आहेत. कार्डावरच्या फेऱ्या त्याने भरून निघत नाहीत.

तेव्हा पहिल्या वर्षाच्या पाच फेऱ्या कोणत्या, आणि त्या यमकात बसवताना कुठे ठेच लागते, ते या पानावर सविस्तर मांडतो. सोबत आम्ही जुळवलेली यमके देत आहोत. ती कुणीही घ्यावीत, आपल्या बोलीप्रमाणे बदलावीत. हिशेब तेवढा बदलू नये.

पहिली फेरी जन्माची. ती खरे म्हणजे फेरीच नाही, कारण बाळ तेव्हा दवाखान्यातच असते. क्षयाची बीसीजी, काविळीची हिपॅटायटिस बी आणि पोलिओचे थेंब, अशा तीन गोष्टी बाळाला दवाखान्यातून सोडण्यापूर्वी मिळायला हव्यात. काविळीची जन्माची लस पहिल्या चोवीस तासांतच द्यायची असते. जन्माचा पोलिओ, ज्याला नर्सबाई ‘शून्य पोलिओ’ म्हणतात, तो पहिल्या पंधरा दिवसांपर्यंत चालतो. बीसीजी राहून गेली तर वर्षाच्या आत देता येते. म्हणजे तिघींची घड्याळे वेगवेगळी आहेत. ही सगळी घड्याळे यमकात कोंबली तर यमक पाठ होणार नाही. म्हणून आम्ही आईला फक्त एक प्रश्न दिला, तो तिने सुटी मिळण्यापूर्वी विचारायचा.

दवाखान्यात जन्मले बाळ, विचारा नर्सबाईला,
दोन सुया अन् दोन थेंब, झाले का हो बाळाला?

घरी बाळंतपण झाले असेल तर हाच प्रश्न आशाताईला त्याच दिवशी विचारायचा. नामकरण होईपर्यंत थांबू असे म्हटले तर चोवीस तास केव्हाच उलटून गेलेले असतात.

आता दुसरी, तिसरी आणि चौथी फेरी. या तीन फेऱ्या सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या आहेत. घरातली जुनी माणसे दीड महिना, अडीच महिना, साडेतीन महिने असे म्हणतात. तेही चुकीचे नाही. दीड महिन्याचे पंचेचाळीस दिवस धरले तर सहा आठवड्यांच्या बेचाळीस दिवसांपेक्षा ते तीन दिवस जास्त होतात, आणि लस तीन दिवस उशिरा गेल्याने काही बिघडत नाही. बिघडते ते लवकर गेल्याने. सहा आठवडे भरण्याआधी ही लस देत नाहीत, आणि दोन फेऱ्यांत चार आठवड्यांपेक्षा कमी अंतर ठेवत नाहीत. इतक्या कोवळ्या वयात लस हवी तशी लागू पडत नाही, आणि पहिल्या लसीतून अंगात जी तयारी सुरू होते तिला मुरायला वेळ द्यावा लागतो.

लवकर जाण्याची चूक आपल्या बोलीमुळे फार सहज होते. आपण आठवड्याला ‘आठ दिवस’ म्हणतो. सोमवारी गेलेला माणूस पुढच्या सोमवारी आला तर ‘आठ दिवसांनी आला’ म्हणतो, कारण आपण पहिला सोमवारही मोजतो. हीच सवय बाळाच्या वयाला लावली की गडबड होते. बाळ सोमवारी जन्मले आणि आईने तो सोमवार पहिला म्हणून मोजला, तर तिचा सहावा सोमवार येतो तेव्हा बाळ पाचच आठवड्यांचे असते. ती कामावरचा खाडा करून, रोजगार बुडवून शिबिरात येते आणि नर्सबाई कार्ड पाहून म्हणते, ‘अजून भरले नाहीत, पुढच्या वेळी या.’ नर्सबाईचे बरोबर असते. पण एक दिवसाची मजुरी गमावलेली ती बाई पुढच्या वेळी येईलच याची खात्री कोण देणार? म्हणून पहिला हिशेब हा :

ज्या वारी बाळ जन्मले, तो वार मोजू नका,
पुढचा वार पहिला धरा, सहावा चुकवू नका.

जन्मवार शून्य. गंमत अशी की कार्डावरही जन्माच्या पोलिओला शून्यच म्हणतात. त्यामुळे बायांना हे पटकन पटते. शून्य पोलिओ, शून्य वार, आणि पुढे पहिली, दुसरी, तिसरी. कार्डावर पेंटा एक, पेंटा दोन, पेंटा तीन असे छापलेले असते, त्याच्याशीही हे मोजणे जुळते.

सहा भरले, पहिली फेरी; दहा भरले, दुसरी;
चार वार आणखी मोजा, चौदा भरले, तिसरी.

इथे ‘भरले’ हा शब्द आम्ही मुद्दाम ठेवला आहे. ‘सहाव्या आठवड्यात’ असे यमक जास्त सोपे जमते, पण सहावा आठवडा हा पाच आठवडे संपले की सुरू होतो. ‘सहाव्या’ आणि ‘सहा भरले’ यांत सात दिवसांचा फरक आहे.

या यमकांत लसींची नावे नाहीत, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. काही मंडळांना ते खटकते. पण नावे बदलत जातात, वेळा बदलत नाहीत. एके काळी याच तीन फेऱ्यांना घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताची त्रिगुणी लस मिळायची. आता तिच्या जागी पाच रोगांवरची पेंटाव्हॅलंट आली, जुलाबावरचे रोटाव्हायरसचे थेंब आले, न्यूमोनियाची पीसीव्ही आली, पोलिओचे इंजेक्शन आले. सहा, दहा, चौदा मात्र तेच राहिले. ‘त्रिगुणी’ हा शब्द यमकात घालून ज्यांनी भिंती रंगवल्या त्यांच्या भिंती जुन्या झाल्या. ज्यांनी आठवडे रंगवले त्यांच्या आजही चालतात.

नावे नकोत, तरी सुया किती हे आईला तोंडी सांगून ठेवावे. पहिल्या फेरीला बाळाला तीन ठिकाणी टोचतात, दोन्ही मांड्यांना आणि दंडाला, शिवाय तोंडात थेंब. दुसऱ्या फेरीला एकच सुई आणि थेंब. तिसऱ्या फेरीला पुन्हा तीन. हे ठाऊक नसेल तर दुसऱ्या फेरीला आईला वाटते, आपल्या बाळाला कमी दिले. आपल्या माणसांना दवाखान्यांतून जी वागणूक मिळत आली, तिच्यामुळे असा संशय यावा यात नवल नाही. पण इथे तसे काही नसते. दहाव्या आठवड्याला लस तेवढीच असते.

आता एक उदाहरण पूर्ण करून पाहू. समजा, एक मुलगी भीमजयंतीच्या दिवशी, १४ एप्रिल २०२५ ला जन्मली. त्या दिवशी सोमवार होता. तो सोमवार सोडला. पुढचा सोमवार २१ एप्रिल, हा पहिला. असे मोजत गेले की सहावा सोमवार २६ मे ला येतो, दहावा २३ जूनला आणि चौदावा २१ जुलैला. या झाल्या तिच्या हक्काच्या तारखा.

परंतु शिबिर रोज भरत नाही. समजा, तिच्या वस्तीतल्या विहारात ते दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी भरते. मे महिन्यातला दुसरा बुधवार १४ तारखेला आला. तेव्हा ती जेमतेम तीस दिवसांची, म्हणजे अजून भरले नाहीत. पुढचे शिबिर ११ जूनला. त्या दिवशी तिला पहिली फेरी मिळाली, हक्काच्या तारखेपेक्षा सोळा दिवसांनी उशिरा. दुसरी फेरी ९ जुलैला. मध्ये बरोबर अठ्ठावीस दिवस गेले, म्हणजे चार आठवडे भरले. महिन्याचा ठरावीक वार ठेवण्याचा हा फायदा, की दोन शिबिरांत चार किंवा पाच आठवडे जातात, कधीही कमी जात नाहीत. तिसरी फेरी १३ ऑगस्टला. ती २१ जुलैला मिळायची होती, म्हणजे तेवीस दिवस उशीर झाला.

एवढा उशीर झाला म्हणून लस वाया गेली असे नाही. तिन्ही फेऱ्या पुऱ्या मोजल्या जातात. पण डांग्या खोकला आणि जुलाब हे अगदी तान्ह्या बाळांना फार जड जातात, म्हणून हे दिवसही मोलाचे आहेत. आमचे सांगणे असे, की जिच्या बाळाचे सहा आठवडे शिबिरानंतर लगेच भरत असतील तिने पुढच्या शिबिराची वाट न पाहता जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा महापालिकेच्या दवाखान्यात लसीचा वार विचारावा. कार्ड तेच चालते. पहिली लस एका ठिकाणी आणि दुसरी दुसऱ्या ठिकाणी घेतली तरी हरकत नाही. बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकींना हे आवर्जून सांगावे, कारण पहिली फेरी माहेरी आणि दुसरी सासरी अशीच त्यांची गत असते, आणि त्या दोहोंच्या मधल्या प्रवासात कार्ड हरवते.

फेरी चुकलीच तर? पुष्कळ बाया केवळ शरमेने पुन्हा येत नाहीत. नर्सबाई रागावेल, किंवा आता सगळे पहिल्यापासून करावे लागेल, असे त्यांना वाटते. पहिल्यापासून काहीही करावे लागत नाही. एक फेरी झाली असेल आणि चार महिने मध्ये गेले असतील, तरी पुढची दुसरीच.

चुकली तर घाबरू नका, पुन्हा पहिल्यापासून नाही;
जिथे थांबली तिथून पुढे, लस देईल नर्सबाई.

मात्र याला एक मर्यादा आहे, ती यमकाबाहेर सांगावी लागते. रोटाव्हायरसचे थेंब आणि पेंटाव्हॅलंट यांचा पहिला डोस वर्षाच्या आत झाला तरच सरकारी कार्यक्रमात ते पुढे चालू राहतात. बाळ वर्षाचे झाल्यावर प्रथमच आणले, तर त्या लसींचे दार बंद झालेले असते. तेव्हा दुसऱ्या लसींचा हिशेब नर्सबाईलाच मांडावा लागतो.

फेरी चुकण्याचे दुसरे कारण ताप. पेंटाव्हॅलंटनंतर बाळाला एखादा दिवस ताप येतो, मांडी सुजते, ते किरकिरते. रात्रभर मांडीवर घेऊन बसलेल्या आईला घरातले म्हणतात, ‘चांगले पोर आजारी पाडून आणले.’ पुढच्या महिन्यात ती येत नाही. दंडावरच्या बीसीजीचेही तसेच. टोचल्यावर काही आठवड्यांनी तिथे पुळी येते, कधी पिकते, वाहते आणि मग वण राहतो. हे असेच व्हायचे असते. त्यावर मलम, हळद, शेक काहीही लावू नये.

साधा ताप एक दिवस, लस लागली म्हणायची;
पुढची फेरी त्याच्यापायी नाही आपण टाळायची.

‘साधा’ हा शब्द गाळू नये. झटके आले, तीन तासांहून अधिक वेळ बाळ न थांबता रडत राहिले, अंगावर चट्टे उठून श्वास लागला किंवा बाळ निपचित पडले, तर तो साधा ताप नव्हे. त्याच क्षणी दवाखाना गाठायचा, आणि पुढच्या फेरीचे डॉक्टरांनाच विचारायचे. टोचल्यावर अर्धा तास शिबिरातच बसवून ठेवतात ते याच पाहणीसाठी. घरी स्वयंपाक पडला आहे म्हणून लगबगीने निघून जाणाऱ्या बायांना कार्यकर्त्यांनी प्रेमाने थांबवावे, आणि जमल्यास चहा द्यावा. तापाचे औषध किती पाजायचे, तेही त्या अर्ध्या तासात नर्सबाईकडून विचारून घ्यावे. ते बाळाच्या वजनावर ठरते, शेजारणीच्या अनुभवावर नाही.

आता पाचवी फेरी, आणि खरे संकट इथेच आहे. पहिल्या तीन फेऱ्या चार-चार आठवड्यांच्या तालावर येतात. महिन्याला एकदा जायचे, हे आईच्या अंगवळणी पडते. तिसरी फेरी होते आणि ताल तुटतो. पुढची फेरी नऊ महिने पुरे झाल्यावर. आपल्या उदाहरणातली मुलगी १३ ऑगस्टनंतर थेट १४ जानेवारीला लागणार, म्हणजे मध्ये पाच महिने रिकामे. एवढ्या दिवसांत आई कामावर परत जाते. कुणी ऊसतोडीला निघते, कुणी वीटभट्टीवर, कुणी शहरात भाड्याची खोली बदलते. बाळ रांगू लागते, धष्टपुष्ट दिसते, आणि लसींचा विषयच मनातून उतरतो. नेमकी याच फेरीला गोवरची लस असते.

गोवर गेला, आता कुठे राहिला, असे म्हणणाऱ्यांनी २०२२ साल आठवावे. त्या वर्षाच्या शेवटी मुंबईत गोवंडीच्या बाजूला गोवरची साथ पसरली आणि लहान मुले दगावली. दाट वस्ती, दहा बाय दहाच्या खोल्या आणि लस राहिलेली मुले असली म्हणजे गोवराला अजून काही लागत नाही. २०१८ पासून महाराष्ट्रात गोवरासोबत रुबेलाही एकाच सुईत देतात. त्याच फेरीला पीसीव्हीचा वाढीव डोस, जानेवारी २०२३ पासून पोलिओच्या इंजेक्शनचा तिसरा डोस आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचे औषध पाजतात. काही जिल्ह्यांत मेंदूज्वराचीही लस असते. म्हणजे शेवटची एक फेरी चुकली तर एका दमात इतके सगळे राहते.

इथेही आपली बोली फसवते. ‘नवव्या महिन्यात गोवर’ असे सगळीकडे म्हटले जाते. बाळाला आठ महिने पुरे झाले की नववा लागतो. त्या महिन्यात बाळाला नेले तर ते एक महिना आधी नेल्यासारखे होते. आईकडून पोटातच मिळालेली गोवराविरुद्धची शक्ती बाळाच्या अंगात काही महिने टिकून असते, आणि ती असेपर्यंत लस नीट लागू देत नाही. म्हणून नऊ पुरे व्हावे लागतात. साथीच्या भागात कधी कधी सहा महिन्यांनंतरच एक जादा डोस देतात, पण तो हिशेबात धरत नाहीत. नऊ पुरे झाल्यावर पुन्हा टोचावेच लागते.

तिसरीनंतर लांब पल्ला, कार्ड ठेवा जपून;
नऊ महिने पुरे होता, गोवर घ्या टोचून.

नाव न घालण्याचा नियम आम्ही या एका यमकात मोडला. कारण ‘गोवर टोचला का’ असेच आपल्याकडे विचारतात. आईच्या तोंडी आधीपासून असलेला शब्द यमकात असला तर चालतो.

आठवडे वारावर मोजले, तसे महिने तारखेवर मोजायचे. इथे बोटे मोजण्याचीही गरज नाही. बाळाचा पहिला वाढदिवस सगळ्यांनाच ठाऊक असतो. त्याच्या बरोबर तीन महिने आधी नऊ पुरे होतात. १४ एप्रिलचा वाढदिवस, तर तीन महिने मागे १४ जानेवारी. आपल्याला ती तारीख पाठच आहे, नामविस्तार दिन. २०२६ मध्ये तो दिवस दुसरा बुधवार होता, म्हणजे या मुलीचे नऊ महिने पुरे झाले त्याच दिवशी तिच्या विहारात शिबिर आले. असा योग प्रत्येकाला येत नाही. पण एक-दोन आठवड्यांनी येणारे शिबिर चालते.

वाढदिवसाला तीन महिने उरले की निघायचे;
गोवर आधी टोचायचा, मग पेढे वाटायचे.

ही यमके केव्हा म्हणायची, यालाही महत्त्व आहे. शिबिराच्या सकाळी भोंग्यावरून ती ऐकवली तर जिचे बाळ भरले आहे ती तोवर कामावर गेलेली असते. आदल्या संध्याकाळी, वंदनेनंतर, बाया घरी असतात तेव्हा म्हणावीत. वार मोजण्याचे यमक मात्र नामकरणाच्या दिवशीच म्हणावे. विधी आटोपला, पाळणा झाला की बाळाची आई, आजी आणि मावशी एकत्र बसलेल्या असतात. तिथेच कार्ड मागून घ्यावे आणि चारी तारखा लिहाव्यात.

आठवडे मोजा वारावर, महिने मोजा तारखेवर;
तारखा साऱ्या लिहून ठेवा, कार्डाच्या मागल्या पानावर.

आणि भोंग्यावर बोलणाऱ्या कार्यकर्त्यासाठी एक उलटा हिशेब. आईने जन्मापासून पुढे मोजायचे, तर याने शिबिरापासून मागे मोजायचे, म्हणजे यमकाच्या जोडीला नेमकी तारीख सांगता येते. वरच्या उदाहरणातले ११ जून २०२५ चे शिबिर घ्या. सहा आठवडे मागे गेले की ३० एप्रिल येतो. म्हणून आदल्या संध्याकाळी सांगायचे, ‘ज्यांची बाळे ३० एप्रिल किंवा त्याआधी जन्मली आणि ज्यांची पहिली फेरी राहिली आहे, त्यांनी उद्या यावे.’ नऊ महिन्यांसाठी तीच तारीख ठेवून नऊ महिने मागे जायचे, म्हणजे ११ सप्टेंबर २०२४. ‘जी बाळे गेल्या वर्षीच्या ११ सप्टेंबरपर्यंत जन्मली आणि ज्यांना अजून गोवर टोचला नाही, तीही उद्या आणावीत.’ दुसऱ्या-तिसऱ्या फेरीच्या बाळांसाठी अशी तारीख काढू नये. त्यांची मागची फेरी कोणत्या दिवशी झाली हे कार्डावर पाहावे, आणि तिला अठ्ठावीस दिवस झाले असतील तर त्यांना बोलवावे.

फळ्यावर लिहिताना आधी या दोन तारखा मोठ्या अक्षरांत लिहाव्यात. यमक त्यांच्या खाली.